आधी सावली, मग रंग: एलिव्हेशनला हाताने शेडिंग करण्याची रीत

एलिव्हेशन हे इमारतीच्या एका बाजूचे समोरून काढलेले असे सपाट चित्र आहे की ज्यात खोली, म्हणजे पुढेमागेपणा, मुळातच नसते. भिंतीपुढे ६०० मिलिमीटर आलेला छज्जा आणि भिंतीवर नुसताच रंगवलेला पट्टा, हे दोन्ही रेघांमध्ये अगदी सारखे दिसतात. पर्स्पेक्टिव्हमध्ये पुढचे मोठे आणि मागचे लहान होते, म्हणून डोळ्याला अंतर कळते; एलिव्हेशनमध्ये ती सोय नाही. तेव्हा पुढे काय आहे, मागे काय आहे आणि किती, हे सांगण्याचे मुख्य साधन म्हणजे सावली. नवशिके बहुतेक वेळा विटांपासून, नाहीतर झाडापासून सुरुवात करतात आणि सावली शेवटी उरलेल्या वेळात 'टाकतात'. मीही तेच केले होते. माझ्या पहिल्या शीटवर मी १:१०० प्रमाणातल्या भिंतीची एकेक वीट तीन संध्याकाळी बसून काढली आणि चौथ्या दिवशी लांबून पाहिले तर ती भिंत जाळीच्या कापडासारखी दिसत होती, आणि त्यातली बाल्कनी पुढे आहे की आत, हे मलाही सांगता येईना. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी सावली मोजून काढायची, मग तिचा गडदपणा ठरवायचा आणि रंग व पोत त्यानंतर.

समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. दोन मजली घर आहे, दर्शनी बाजू ९ मीटर रुंद आणि पॅरापेटसकट ७ मीटर उंच, प्रमाण १:५०. म्हणजे कागदावर चित्र १८० मिलिमीटर रुंद आणि १४० मिलिमीटर उंच झाले. डावीकडचा ३ मीटर रुंदीचा भाग उघड्या विटांचा असून तो मुख्य भिंतीच्या ९०० मिलिमीटर पुढे आलेला आहे. उरलेली ६ मीटर भिंत गिलाव्याची, फिकट पिवळसर रंगाची आहे. तिच्यावर दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच अशी खिडकी आहे. खिडकीची काच भिंतीच्या बाहेरच्या पातळीपासून १५० मिलिमीटर आत आहे आणि वर ६०० मिलिमीटर बाहेर आलेला, १०० मिलिमीटर जाडीचा छज्जा आहे. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर जास्त आहे. विटांच्या भागातही एक लहान खिडकी आहे आणि तिच्यावरचा छज्जा ४५० मिलिमीटरचा आहे. एवढ्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

सामान थोडेच लागते. साधारण १५० ते २०० जीएसएमचा कार्ट्रिज पेपर घ्यावा. त्याच्या पृष्ठभागावर बोटाला जेमतेम जाणवेल इतका खरखरीतपणा असावा, कारण पेन्सिलीचा कण त्या खरखरीतपणातच अडकून राहतो. गुळगुळीत, चकचकीत कागदावर दोन थरांनंतर तिसरा थर बसत नाही. फार खडबडीत जलरंगाच्या कागदावर मात्र सावलीची कड सरळ येत नाही. पेन्सिली २एच, एचबी, २बी आणि ४बी एवढ्या पुरतात. शिशात चिकणमातीचे प्रमाण जितके जास्त तितकी पेन्सिल कडक आणि रेघ फिकट. ग्रॅफाइट जितके जास्त तितकी ती मऊ आणि काळी. रंगीत पेन्सिलींचा मोठा डबा घेण्याची गरज नाही. यलो ओकर, बर्न्ट सिएना, गडद तपकिरी, जांभळा, इंडिगो, फिकट निळा आणि दोन राखाडी, इतक्यांत हे घर पूर्ण होते. काळी रंगीत पेन्सिल डब्यात असली तरी ती बाजूला ठेवावी. तिचे कारण पुढे येईल. याशिवाय ४५ अंशांचा गुण्या, मऊ खोडरबर, धारदार ब्लेड, कागद झटकण्यासाठी मऊ ब्रश आणि हाताखाली ठेवायला एक कोरा कागद असावा. शार्पनरने निघणारे टोक आखूड असते. ब्लेडने लाकूड तासून शिसे ८ ते १० मिलिमीटर उघडे ठेवले, की तीच पेन्सिल टोकाने बारीक रेघ काढते आणि आडवी धरली तर रुंद पट्टा भरते.

मूळ ड्रॉइंगवर शेडिंग करू नये. त्याची प्रत त्याच कार्ट्रिज पेपरवर काढून घ्यावी, म्हणजे बिघडले तर दुसरी घेता येते. प्रतीवरच्या रेघा बारीक आणि शक्यतो राखाडी असाव्यात. जाड काळ्या रेघांनी वेढलेल्या भागात कितीही चांगला रंग भरला तरी तो मुलांच्या रंगवहीतल्या चित्रासारखा दिसतो, कारण कड सावलीने निर्माण व्हायला हवी ती रेघेने आधीच दिलेली असते.

आता सावली मोजण्याकडे येऊ. जुन्या रिवाजाप्रमाणे प्रकाश आपल्या डाव्या खांद्यावरून, वरून आणि समोरून येतो असे धरतात. तो घनाच्या कर्णाच्या दिशेने जातो, म्हणजे प्लॅनमध्येही ४५ अंशांत आणि एलिव्हेशनमध्येही ४५ अंशांत. याचा व्यवहारातला अर्थ फार सोपा आहे. किरण जितका आत जातो तितकाच उजवीकडे सरकतो आणि तितकाच खाली उतरतो. म्हणून भिंतीपुढे ६०० मिलिमीटर आलेल्या कोपऱ्याची सावली भिंतीवर बरोबर ६०० मिलिमीटर उजवीकडे आणि ६०० मिलिमीटर खाली पडते. १:५० प्रमाणात ते अंतर १२ मिलिमीटर होते. पाहणाऱ्याला हा रिवाज माहीत असेल, तर तो सावली मोजून छज्जा किती बाहेर आहे हे प्लॅन न उघडता सांगू शकतो. हा प्रकाश खऱ्या सूर्याचा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. ज्या बाजूवर वर्षभर ऊन येत नाही तिच्या एलिव्हेशनमध्येही हीच सावली दाखवतात. कुठल्या महिन्यात किती ऊन येईल हा अभ्यास वेगळा आणि तो या चित्रातून काढू नये.

इथे दोन शब्द वेगळे ठेवले तर पुढे घोटाळा होत नाही. जो पृष्ठभाग स्वतःच प्रकाशाकडे पाठ करून आहे त्यावर असते ती छाया, उदाहरणार्थ छज्ज्याचा खालचा भाग किंवा गोल खांबाची उजवी बाजू. एका वस्तूने प्रकाश अडवल्यामुळे दुसऱ्या पृष्ठभागावर पडते ती पडछाया. सपाट एलिव्हेशनमध्ये छाया थोडी आणि पडछाया जास्त असते, आणि खोली सांगण्याचे काम पडछायाच करते.

ट्रेसिंग पेपर चित्रावर ठेवून खिडकीच्या छज्ज्यापासून सुरुवात करावी. छज्ज्याचा खालचा डावा कोपरा जिथे भिंतीला टेकतो त्या बिंदूला 'अ' म्हणू. 'अ'पासून गुण्याने उजवीकडे खाली ४५ अंशांची तिरकी रेघ काढावी आणि ती अशी थांबवावी की आपण १२ मिलिमीटर उजवीकडे व १२ मिलिमीटर खाली आलेलो असू. हा पुढच्या डाव्या कोपऱ्याच्या सावलीचा बिंदू. तिथून आडवी रेघ छज्ज्याच्या लांबीइतकी, म्हणजे ३६ मिलिमीटर, उजवीकडे न्यावी. छज्ज्याची जाडी कागदावर २ मिलिमीटर आहे, म्हणून उजव्या टोकाला २ मिलिमीटर सरळ वर जावे आणि मग ४५ अंशांच्या रेघेने छज्ज्याच्या उजव्या टोकाच्या वरच्या कोपऱ्याला येऊन मिळावे. अशी आकृती बंद झाली, की ती बरोबर आहे का हे लगेच कळते: ती शेवटची रेघ गुण्याला न जुळता दुसऱ्याच कोनात गेली, तर आधीच्या एखाद्या मापात चूक आहे. छज्ज्याच्या बरोबर खाली चौकोनी पट्टा ओढणे ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. तसा पट्टा डोक्यावरून सरळ येणाऱ्या प्रकाशाचा होतो, आणि शेजारी विटांच्या भागाची सावली उजवीकडे गेलेली असते, म्हणजे एकाच भिंतीवर दोन सूर्य.

हे झाले भिंतीवर. खिडकीची काच मात्र आणखी १५० मिलिमीटर आत आहे, त्यामुळे छज्ज्याची सावली काचेवर ६०० अधिक १५० म्हणजे ७५० मिलिमीटर खाली जाते. कागदावर ती १५ मिलिमीटर होते. खिडकीच्या २४ मिलिमीटर उंचीपैकी वरचे १५ मिलिमीटर सावलीत आणि खालचे ९ उजेडात, असा हिशेब लागतो. भिंतीवरची सावलीची कड खिडकीपाशी येताच ३ मिलिमीटर खाली उतरते. ही छोटीशी पायरी चुकवू नये, कारण काच आत आहे हे या पायरीमुळेच दिसते. शिवाय खिडकीच्या डाव्या बाजूची जी भिंतीची कड आहे तिचीही सावली काचेवर पडते, ती ३ मिलिमीटरची उभी पट्टी होऊन सिलपर्यंत जाते. छज्ज्याची तिरकी कड त्या पट्टीच्या उजव्या कडेला, खिडकीच्या वरून ६ मिलिमीटर खाली भेटते, तिथून १५ मिलिमीटर खोलीपर्यंत तिरकी उतरते आणि मग आडवी होऊन खिडकीच्या उजव्या कडेपर्यंत जाते. त्यामुळे तिरक्या कडेच्या खाली, पट्टीच्या उजवीकडे, उजेडाचा लहानसा तुकडा उरतो. पहिल्यांदा हे वाचताना किचकट वाटते, पण एकदा गुण्या हातात घेऊन काढले की पुढच्या खिडकीला दोन मिनिटे पुरतात.

विटांचा भाग ९०० मिलिमीटर पुढे आहे, म्हणून त्याची सावली गिलाव्याच्या भिंतीवर १८ मिलिमीटर रुंदीचा उभा पट्टा होऊन पडते. दोन्ही भागांची उंची सारखी असेल तर हा पट्टा वरून चौकोनी सुरू होत नाही. भिंतीच्या माथ्यावर, दोन्ही भाग जिथे भेटतात त्या बिंदूपासून ४५ अंशांची रेघ खाली येते आणि १८ मिलिमीटर उजवीकडे पोहोचल्यावर पट्ट्याची कड सरळ खाली जाते. तो कापलेला कोपरा विसरला तर इमारतीचा माथा चिकटवल्यासारखा वाटतो.

या पद्धतीची मर्यादाही इथेच सांगून टाकतो. 'जितके बाहेर तितके खाली' हा हिशेब चित्राला समांतर असलेल्या उभ्या भिंतींपुरताच खरा आहे. उतरत्या छपरावर पडणाऱ्या सावलीला तो लागू पडत नाही. तिथे बाजूचे एलिव्हेशन किंवा सेक्शन शेजारी मांडून किरण छपराला कुठे टेकतो ते पाहावे लागते. गोल खांब असेल तर तो उभा असल्याने काम सोपे आहे. प्रकाश डावीकडून ४५ अंशांत येत असल्यामुळे सगळ्यात उजळ रेघ खांबाच्या मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे ०.७ पट डावीकडे येते आणि छाया तितकीच उजवीकडे सुरू होते. कागदावर ५ मिलिमीटर त्रिज्येचा खांब असेल तर मध्यापासून साधारण साडेतीन मिलिमीटरवर सगळ्यात गडद रेघ येते; अगदी कडेला नव्हे. उजव्या कडेचा शेवटचा पट्टा आजूबाजूच्या परावर्तित उजेडाने थोडा उजळ ठेवला की खांब गोल दिसतो, आणि कडेलाच काळे केले की तो नळीच्या कापलेल्या तुकड्यासारखा होतो.

सावल्या पक्क्या झाल्या की गडदपणाचा क्रम ठरवावा. शेडिंगच्याच कागदाच्या कपट्यावर पाच चौकोन काढून त्यांत पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत पाच टोन भरावेत. १ म्हणजे कोरा कागद, २ साठी एचबी हलक्या हाताने, ३ साठी एचबीचे दोन थर, ४ साठी २बी, ५ साठी ४बी. शेजारशेजारच्या चौकोनांमधला फरक डोळे बारीक करून पाहिल्यावरही दिसला पाहिजे. मग आपल्या घरातला एकेक भाग यातल्या एकेका क्रमांकाला बांधावा: उजेडातला गिलावा १, उजेडातली वीट २, गिलाव्यावरची सावली ३, विटेवरची सावली ४, उजेडातली काच ३ ते ४ आणि सावलीतली काच ५. या यादीत एक गोष्ट दडलेली आहे. सावली सगळीकडे सारखी काळी नसते; ती ज्यावर पडते त्याच्या रंगाला ठरावीक प्रमाणात गडद करते. गिलाव्यावरची आणि विटेवरची सावली एकाच टोनची काढली तर ती चित्रावर वरून ठेवलेल्या काळ्या कागदासारखी दिसते.

हा क्रम पक्का करण्यासाठी चित्राची निम्म्या आकाराची प्रत घेऊन फक्त साध्या पेन्सिलीने, अर्ध्या तासात, एक कच्चे शेडिंग करावे. रंगीत काम करतानाही हा कच्चा तुकडा समोर चिकटवून ठेवावा. मोठ्या शीटवर ग्रॅफाइटने सावली आणि तिच्यावर रंगीत पेन्सिल, असा बेत मात्र करू नये. ग्रॅफाइट वरच्या रंगात मिसळून त्याला मळकट करते, आणि मेणयुक्त रंगाच्या थरावर उलट ग्रॅफाइट बसतच नाही, घसरते आणि चमकते. रंगीत शीटवर सावलीही रंगीत पेन्सिलीनेच भरावी.

हात कसा चालवावा याबद्दल तीन-चार गोष्टी पुरेशा आहेत. दाब कमी आणि थर जास्त, हा नियम. पहिला थर इतका हलका असावा की पेन्सिलीचे नुसते वजन कागदावर पडावे. जोराने दाबल्यास कागदाचा खरखरीतपणा चेपला जातो, तिथे पुढचा थर धरत नाही आणि खोडताही येत नाही. रेघा एकाच दिशेला आणि एकमेकींना लागून असाव्यात. मनगट टेकवून छोट्या कमानी काढण्याऐवजी कोपरापासून हात हलवावा आणि गरज पडेल तसा कागद फिरवावा. लांब भिंत भरताना एका तुकड्याच्या रेघा दुसऱ्या तुकड्यावर चढतात तिथे गडद पट्टे पडतात. ते टाळण्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या कडेची टोके कमीजास्त लांबीची ठेवावीत, म्हणजे पुढचा तुकडा दातांमध्ये दात बसावेत तसा मिसळतो. बोटाने घासून एकसारखे करण्याचा मोह आवरावा. बोटाचा ओशटपणा कागदात जातो आणि तो डाग नंतर रंगातून वर येतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली यावे आणि हाताखालचा कागद सतत पुढे सरकवत राहावे.

आता गिलावा. उजेडातल्या भिंतीचा टोन १ ठरवला आहे, तरी ती अगदी कोरी ठेवत नाहीत. यलो ओकरचा एकच, जेमतेम दिसणारा थर द्यावा आणि तो वरून खाली किंचित फिकट होत जाऊ द्यावा. भिंतीच्या खालच्या भागाला जमिनीवरून परतलेला उजेड मिळतो, हे त्यामागचे कारण. शिवाय एवढ्या मोठ्या पट्ट्याला असा हलका उतार दिला की तो सपाट पुठ्ठ्यासारखा दिसत नाही. हा थर सावलीच्या जागेवरूनही सरळ नेणे काहींना चुकीचे वाटते, पण तो तसाच न्यायचा आहे, कारण सावलीतूनही भिंतीचा पिवळेपणा जाणवला पाहिजे.

सावली त्यावर तीन थरांत चढवावी. पहिला थर जांभळ्याचा. तो पिवळ्याच्या विरुद्ध रंग असल्याने पिवळ्याची चमक मारतो आणि राखाडी होतो, पण तो राखाडी जिवंत असतो. दुसरा थर गडद तपकिरीचा, पहिल्या रेघांना तिरका छेद देणारा. तिसरा पुन्हा यलो ओकरचा, खालच्या दोन थरांना एकजीव करणारा. तीन थरांनंतर टोन कपट्यावरच्या ३ शी ताडून पाहावा आणि कमी पडला तर जांभळा आणि तपकिरी पुन्हा एकेकदा फिरवावा. काळी पेन्सिल बाजूला ठेवण्याचे कारण इथे दिसते. काळ्याने टोन एका झटक्यात मिळतो, पण खालचा रंग बुजतो आणि सावलीच्या जागी भिंतीला भोक पडल्यासारखे वाटते.

सावलीची कड हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे. उजेडाला लागून असलेली बाहेरची कड धारदार आणि थोडी अधिक गडद ठेवावी, आणि आत छज्ज्याकडे जाताना टोन अगदी थोडा उतरवावा. गडद कड आणि तिला चिकटून कोरा कागद, असे शेजारी आले की भिंतीवरचे ऊन प्रखर दिसते. अशी कड हाताने सरळ येत नाही, म्हणून एका जाड कागदाची सरळ कापलेली कड सावलीच्या रेघेवर ठेवावी आणि पेन्सिल त्या कागदावरून सुरू करून सावलीत ओढावी. कागद उचलला की कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ येते. प्लास्टिकच्या गुण्याची कड यासाठी वापरली तर तिच्या बाजूला रंगाचा चुरा साठतो आणि पुढच्या जागेवर फासला जातो. वापरलीच तर प्रत्येक वेळी पुसून घ्यावी.

विटांच्या भागाला बर्न्ट सिएनाचा सपाट थर द्यावा आणि तो टोन २ च्या वर जाऊ देऊ नये. विटेचा एक थर सांध्यासकट ७५ मिलिमीटर धरला, तर १:५० प्रमाणात तो दीड मिलिमीटर होतो आणि १:१०० मध्ये पाऊण मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरवर रेघा ओढल्या की त्या विटा राहत नाहीत, एकसंध राखाडी टोन होतो. माझ्या पहिल्या शीटची जाळी अशीच झाली होती. १:५० मध्येही सगळ्या रेघा काढू नयेत. सावलीच्या कडेजवळ, खिडकीच्या भोवती आणि जमिनीलगत अशा तीन-चार ठिकाणी आडव्या सांध्यांच्या रेघा धारदार पेन्सिलीने काढाव्यात आणि बाकीच्या भागात त्या तुटत, विरत जाऊ द्याव्यात. उभे सांधे आणखी थोडे. मधूनच पाच-सहा विटा एकेक थर जास्त देऊन गडद कराव्यात, पण त्या ओळीत किंवा ठरावीक अंतराने येऊ देऊ नयेत. विटांवरच्या छज्ज्याची सावली ४५० मिलिमीटरची म्हणजे ९ मिलिमीटर. ती इंडिगो आणि गडद तपकिरीने चढवावी आणि सांध्यांच्या रेघा सावलीतूनही दिसत राहतील इतकीच पारदर्शक ठेवावी. सावलीत विटा अचानक नाहीशा झाल्या, तर तिथे दुसरेच काही साहित्य लावले आहे असे वाटते.

काच निळी रंगवण्याची सवय मोडायला वेळ लागतो. दिवसा बाहेरून पाहिले तर काच बहुधा भिंतीपेक्षा गडद दिसते, कारण आतल्या खोलीत बाहेरच्या मानाने फारच थोडा उजेड असतो. तिचा निळेपणा असतो तो आकाशाच्या प्रतिबिंबाचा. म्हणून आधी संपूर्ण काचेवर इंडिगोचा हलका थर द्यावा, मग सावलीचा वरचा १५ मिलिमीटरचा भाग आणि डावीकडची पट्टी इंडिगो व गडद तपकिरी आळीपाळीने चढवत टोन ५ पर्यंत न्यावी. उजेडातल्या तुकड्यात फिकट निळा फिरवावा आणि एक-दोन तिरक्या पट्ट्या कोऱ्याच सोडाव्यात. खरे पाहता स्वच्छ काचेवर भिंतीसारखी सावली पडत नाही, उजेड तिच्यातून आत जातो. चौकट आणि तावदानाच्या पट्ट्यांवर मात्र ती पडते. तरीही चित्रात ती काचेवर दाखवतात, कारण खोली सांगण्याची इतकी चांगली जागा कोणी सोडत नाही. चौकट पांढरी असेल तर तिच्यावर रंग चढू देऊ नये. सावलीतल्या चौकटीला फिकट राखाडीचा एक थर पुरतो. शेजारशेजारच्या दोन खिडक्या अगदी सारख्या रंगवल्या की त्या छापल्यासारख्या वाटतात, तेव्हा एकीत पडद्याची उभी फिकट पट्टी ठेवावी किंवा कोऱ्या तिरक्या पट्ट्यांची जागा बदलावी.

झाडे, माणसे आणि आकाश यांना मी मुद्दामच थोडी जागा देतो. आकाश इमारतीच्या उजेडातल्या बाजूमागे जरा गडद आणि सावलीतल्या बाजूमागे फिकट ठेवले, की माथ्याची कड आपोआप उठते; त्यापलीकडे ढग काढायची गरज नाही. झाड काढायचेच असेल तर ते खिडकीवर किंवा मोजून काढलेल्या सावलीवर येऊ देऊ नये. नकाशातली चूक झाकायला झाड लावतात, हे पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. माणूस एक पुरे, त्याची उंची प्रमाणात मोजून घ्यावी आणि त्याची सावलीही त्याच दिशेला पडावी.

काम होत आले की शीट भिंतीला लावून तीन मीटरवरून पाहावी आणि मोबाइलवर तिचा काळापांढरा फोटो काढावा. रंग निघून गेल्यावर टोनच्या चुका लपत नाहीत. वीट आणि तिच्यावरची सावली फोटोत एकसारखी राखाडी दिसली, तर सावलीला आणखी एक थर इंडिगोचा द्यावा; वीट खोडायला जाऊ नये. सगळेच मध्यम राखाडी दिसत असेल तर बहुतेक वेळा कमतरता गडद टोनची असते, आणि ती सावलीतल्या काचेत व छज्ज्याच्या अगदी खालच्या रेघेत भरून काढता येते. उजेडातला गिलावा चुकून मळला असेल तर मऊ खोडरबर दाबून उचलावा, घासू नये.

मेणयुक्त पेन्सिलींचे जाड थर असतील, तर काही दिवसांनी गडद भागांवर धुक्यासारखा पांढुरका थर येतो. तो रंगातल्या मेणाचाच असतो आणि मऊ कापडाने अलगद पुसला की निघतो. पुन्हा येऊ नये म्हणून पुसल्यानंतर फिक्सेटिव्हचे दोन-तीन पातळ फवारे द्यावेत, तेही मोकळ्या हवेत, आणि प्रत्येक फवारा पूर्ण वाळू द्यावा. फिक्सेटिव्हने काही रंग किंचित गडद होतात, म्हणून आधी टोनच्या त्या पाच चौकोनांच्या कपट्यावरच फवारून पाहावे.